ज्वारीचे लाडू आणि पाठीमागचं लेबल

येडशीत आमच्या बचत गटानं ज्वारीचे लाडू विकायला काढायचं ठरवलं. लेबल लिहायचं काम माझ्याकडं आलं. नमुना म्हणून आमच्या अध्यक्षीण काकू दुकानातून ज्वारीच्या बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या. समोर हे एवढं मोठं कणीस छापलेलं.

मी पुडा उलटून मोठ्यानं वाचायला लागले, "मैदा, साखर, पाम तेल, ज्वारीचं पीठ सहा टक्के, इन्व्हर्ट सिरप..."

"ज्वारी चौथी?" काकू म्हणाल्या.

"जे वजनानं जास्त, ते आधी लिहायचं असतं. आणि इन्व्हर्ट सिरप म्हणजेही साखरच, नाव तेवढं वेगळं."

"पण खालच्या तक्त्यात साखर चारच ग्राम हाय की."

"ती दोन बिस्किटांची. पुड्यात वीस आहेत."

"म्हणजे चाळीस! आन् दोन बिस्किटांवर थांबतं कोण?" बोलता बोलता त्यांनी चौथं बिस्कीट उचललं.

पुढं '५००(ii)' दिसलं तेव्हा सगळ्याजणी दचकल्या. मी मोबाईलवर शोधलं, तर तो निघाला खायचा सोडा. "मग तसं लिवायला काय झालं? भज्यात रोज घालतो आपण!" काकू चिडल्या. त्या कंपनीला आम्ही तासभर मनसोक्त नावं ठेवली.

मग आमच्या लाडवांची पाळी आली. किलोभर ज्वारीच्या पिठाला सव्वा किलो गूळ. मी लिहिलं : 'गूळ, ज्वारी, तूप, वेलची.'

काकूंचा चेहरा उतरला. "ज्वारीच्या लाडवात गूळ पहिला? लोक काय म्हणतील?" थोडा विचार करून त्या खुलल्या. "असं करू. निम्मा गूळ, निम्मी साखर. दोन्ही येगळं लिवायचं. ज्वारी आपसूक वर!"

हिशेब अगदी बरोबर होता. मी नुसतं त्या बिस्किटांच्या पुड्याकडं बघितलं. काकूंनीही बघितलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अगं बया, आपली बी कंपनीच झाली की!"

शेवटी गूळच कमी करायचा ठरला. पहिल्या घाण्याचे लाडू हातात धरले की त्यांचा भुगा व्हायचा. तो भुगा आठवडाभर सगळ्यांच्या घरी वाटीत घालून चमच्यानं खाल्ला गेला. मग पीठ खमंग भाजलं, तूप थोडं वाढवलं, गूळ परत पाऊण किलोपर्यंत वाढवला आणि लाडू वळले. लेबलवर ज्वारी पहिली आली, आणि खरी आली.

बाजारात पहिल्या गिऱ्हाईक बाईंनी पाकीट उचललं. त्या मागचं लेबल वाचतात का, ते बघत मी उभी. त्यांनी ते उलटलं, तारीख पाहिली, किंमत पाहिली आणि विचारलं, "गोड हायत ना?"

"बेतानं हायत," काकू म्हणाल्या आणि पाकीट फोडून त्यांच्या हातावर एक लाडू ठेवला. "खाऊनच बघा. वाचायला लई येळ लागतो."


बाईंनी दोन पाकिटं घेतली.