मैनाची पेन्शन, रागिणीचं आधार

कागद हरवेल ही भीती रागिणीबाईंना वीस वर्षं वाटत होती. पुराची बातमी आली की त्या आधी ट्रंकेकडे बघत, शेजारी आग लागली तेव्हाही आधी ट्रंकच बाहेर काढली. उन्हाळ्यात एकदा कागद बाहेर काढून उन्हाला न दाखवता नुसता वारा द्यायचा, कडूनिंबाचा पाला बदलायचा आणि परत जाड पिशवीत गुंडाळून ठेवायचा. इतकं जपल्यावर कागद कुठे जाणार? तो तिथेच राहिला. हरवलं ते भलतंच, आणि तेही त्यांना अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर, अकोल्याच्या खिडकीवर कळलं.

तो कागद म्हणजे भविष्य निर्वाह निधीचं योजना प्रमाणपत्र. रागिणीबाई लग्नाआधी अकोल्याच्या एका सूतगिरणीत कामाला होत्या. भातकुलीहून येऊन आत्याकडे राहायच्या. दहा वर्षांच्या वर नोकरी झाली आणि अडतिसाव्या वर्षी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, अमरावतीच्या चंद्रभान तायड्यांचं स्थळ आलं. ते विधुर होते, शिवणकामाचं दुकान होतं, लहान मुलगा होता. नोकरी सोडताना फंडाची रक्कम हातात पडली आणि लग्नात खर्च झाली. पेन्शनचा हिस्सा मात्र रोख मिळाला नाही. दहा वर्षं भरली की तो काढून घेता येत नाही, त्याचं प्रमाणपत्र मिळतं, असं गिरणीच्या कारकुनाने सांगितलं. "अठ्ठावन्न पूर्ण झाले की हा मूळ कागद लावून अर्ज करायचा. तोवर गिरणी राहील की नाही, मी राहीन की नाही, कोण जाणे. पण हा राहिला पाहिजे." गिरणी चार वर्षांत बंद पडली.

चंद्रभान दोन वर्षांपूर्वी गेले. घर सावत्र मुलाच्या, शिवमच्या, नावावर झालं. शिवम वाईट नव्हता. "मावशी, तू कुठं जाणार आता? राह्य ना इथंच," असं तो म्हणाला होता. पण रागिणीबाईंना झोप लागेनाशी झाली ती त्या 'राह्य ना'मुळेच. राहा म्हणणाऱ्याला उद्या जा म्हणता येतं. महिन्याला हजारभर रुपये येतील, तेवढ्यात काही घर चालत नाही. पण औषधाला, बसच्या तिकिटाला कुणाकडे हात पसरावा लागणार नाही. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

अकोल्याला त्यांच्यासोबत नईमा आली. गिरणीत दोघींचे साचे शेजारीशेजारी होते. नईमा शेवटपर्यंत टिकली आणि दोन वर्षांपासून पेन्शन घेत होती. आता जगात 'मैना' या माहेरच्या नावाने हाक मारणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

फंडाच्या कार्यालयातल्या खिडकीवरच्या साहेबांनी प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं. "फार छान ठेवलंय. इतकं कोरं मी क्वचितच पाहतो." मग आधार कार्ड शेजारी ठेवलं. "हे कुणाचं?"

"माझंच."

"यावर रागिणी चंद्रभान तायडे. प्रमाणपत्र मैना पुंजाराम ढोके. जन्मतारीख एक आहे, पण नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळंच वेगळं."

"लग्नात बदललं, साहेब. सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलं. त्यांना मैना गावठी वाटलं."

"लग्नाचं प्रमाणपत्र?"

ते नव्हतंच. लग्न भातकुलीच्या मंदिरात झालं होतं. नोंदणी करायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. नोंदणी करायला आता नवरा नव्हता.

नईमाने तोंड घातलं. "म्या पाहिलं हो लग्न. जेवली मी तिथं. ही मैनाच हाये."

"ताई, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. फाइल ठेवत नाही." साहेब रागावले नव्हते, हेच जास्त भीतिदायक होतं. त्यांनी सावकाश समजावलं : दोन्ही नावं एकाच बाईची, हे सरकारी राजपत्रात छापून आणायचं. त्यासाठी जुन्या नावाचा पुरावा लागेल, शाळा सोडल्याचा दाखला उत्तम. मग नावदुरुस्तीचा अर्ज. गिरणी बंद असल्याने मालकाच्या सहीऐवजी त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालेल. आणि मग पेन्शनचा अर्ज. "हक्क बुडत नाही. उशीर झाला तर मागची थकबाकीही मिळते. पण तुम्ही मैना आहात, हे आधी कागदावर आलं पाहिजे."

बसमध्ये रागिणीबाईंनी प्रमाणपत्र पुन्हा जाड पिशवीत गुंडाळलं. मग म्हणाल्या, "नईमा, म्या कागद जपला वं. ती बाई जपलीच नाही."

"रडू नको. दाखला कुठी हाये?"

"माहेरी. गोवर्धनजवळ."

नईमाने खिडकीबाहेर पाहिलं. "मंग रडून घे," ती म्हणाली.

गोवर्धन धाकटा भाऊ. भातकुलीला घर, काळ्या जमिनीचा तुकडा, त्यातला रस्त्यालगतचा भाग अलीकडे चांगल्या भावाचा झालेला. दिवाळीला साडी, रक्षाबंधनाला फोन, इतपत संबंध नीट होता. बहीण दारात दिसताच तो हसला. दाखल्याचं नाव निघालं तसं त्याचं हसू मावळलं.

"तुले काहून पाहिजे दाखला?"

"पेन्शनीले."

"पेन्शनीले शाळेचा दाखला? कोणं सांगितलं?" त्याने बायकोकडे पाहिलं. "उंदरांनी खाल्ला असंन, बाई. बाबा गेल्यावर लय कागद जाळले आमी."

"जाळले?"

"जुने होते. शाळेतून दुसरा काढ ना."

"शाळेतही तुहीच वळख हाये, हेडमास्तर तुह्याच वर्गातला. तूच चल मंग."

"बघू."

भाऊ नजर चुकवत होता. लहानपणी दूध सांडल्यावर तो असाच भिंतीकडे बघायचा. संध्याकाळी त्या शेवटच्या गाडीला निघाल्या तेव्हा भावजय दारापर्यंत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, दाखला हाये. पण तुमी हिस्सा तं मागणार नाई ना?"

मग तिनेच दोन वाक्यांत सांगितलं, तेव्हा उलगडलं. वडील गेल्यावर वारस म्हणून सातबाऱ्यावर एकट्या गोवर्धनचं नाव चढलं होतं. मैना नावाची मुलगी होती, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता रस्त्यालगतचा तुकडा विकायचा होता आणि घेणाऱ्याच्या वकिलाला गावातून कळलं होतं की पुंजारामाला एक मुलगीही आहे. रागिणीबाईंना हिस्सा कधी आठवलाही नव्हता. त्यांना दाखला मिळणार नाही याची भीती होती, आणि भावाला त्यांची.

आठवड्याने गोवर्धनचाच फोन आला, आवाजात मध घोळवून. "बाई, दाखला सापडला बरं! तू ये. एक लहानशी सही हाये, हक्कसोडीची. तू सही कर, म्या दाखला देतो. दोघांचंही काम होते."

रागिणीबाई घाबरून "हो" म्हणाल्या. पेन्शन हातची जाण्यापुढे त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. शिवमने विचारलं, "मावशी, कायची सही करून राहिली?" तेव्हाही त्या म्हणाल्या, "माहेरचं काम हाये." सावत्र मुलाला माहेरच्या जमिनीतलं काही कळावं, याचीही भीती होतीच.

दस्त लिहिणारे खुशालराव तहसिलीच्या बाहेर बसत. म्हातारे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी मजकूर वाचून दाखवला : मी, पुंजाराम ढोके यांची मुलगी, माझा हिस्सा कोणताही मोबदला न घेता भावाच्या नावे सोडत आहे. वाचताना ते मध्येच थांबले.

"बाई, आधार द्या." पाहिलं आणि चष्मा काढला. "गोवर्धनराव, हे रागिणी तायडे. तुमच्या बापाच्या पोरीचं नाव काय?"

"मैना. तीच हे."

"तुम्ही म्हणता. निबंधकाला काय दाखवू? रागिणीने मैनाचा हिस्सा सोडला, असा दस्त नोंदवून दिला तर घेणाऱ्याचा वकील उद्या माझ्या डोक्यावर खापर फोडेल. दोन्ही एकच बाई, हे राजपत्रात आणा. मग सही."

गोवर्धनचा चेहरा कापसाच्या गंजीवर पाऊस पडल्यासारखा झाला. बहिणीला बहीण म्हणून सिद्ध न करता तिचा हिस्सा काढून घेता येत नव्हता. काय घडलं ते रागिणीबाईंना पुरतं कळलं नव्हतं. इतकंच कळलं की भावाने पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला दाखला काढला. उंदरांनी त्याला तोंडही लावलं नव्हतं. त्याने सख्ख्या बहिणीबद्दल प्रतिज्ञापत्रही करून दिलं, राजपत्राची फीही भरली आणि वरून चहा पाजला.

राजपत्र छापून आलं. शेवटच्या अर्जासाठी दोघी पुन्हा अकोल्याच्या खिडकीवर उभ्या राहिल्या. नावदुरुस्ती मंजूर झाली होती. साहेबांनी पेन्शनचा अर्ज तपासला, फोटो पाहिला, पासबुकाची प्रत जोडली आणि हात पुढे केला. "आता मूळ प्रमाणपत्र."

रागिणीबाईंचा हात पिशवीतच राहिला. "झेरॉक्स देऊ?"

"मूळच जमा होतं. परत मिळत नाही. पोच मिळेल."

"अन् इथंच हरवलं तं?"

"दे वं मैना," नईमा कानाशी म्हणाली. "माहंही दिलं होतं म्या. जपायचं इथवरच असते."

वीस वर्षांत तो कागद त्यांनी कुणाच्या हातात दिला नव्हता. नवऱ्यालाही दुरूनच दाखवला होता. त्यांनी तो बाहेर काढला, त्यावरचा कडूनिंबाचा एक वाळका तुकडा बोटाने झटकला आणि खिडकीतून आत सरकवला. साहेबांनी शिक्का मारला. हातात पोच आली. त्या बाकावर बसल्या आणि फोन वाजला.

"बाई, काम झालं ना? उद्या खुशालरावांकडं ये मंग. घेणारा घाई करून राहिला."

"गोवर्धन," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, तो त्यांनी लपवला नाही. "त्या दस्तात मोबदला न घेता असं लिहिलं होतं ना?"

"ते तं तसंच लिहितात वं."

"म्या हो म्हटलं ते दाखल्यापायी. हिस्सा किती हाये ते म्या कधी विचारलंच नाई. आधी ते विचारीन. मंग सही करायची का नाई ते सांगीन."

मग तो म्हणाला, "म्हंजे तू माहेर तोडून राहिली."

"तू वारस सांगताना मले तोडलं होतं. तवा म्या काई म्हटलं नाई." त्यांनी फोन ठेवला. नईमाने विचारलं काय म्हणाला, तर त्यांनी पोच पिशवीत घातली आणि बसची वेळ विचारली.

पेन्शन मंजूर झाल्याचा संदेश दीडेक महिन्याने आला, अठ्ठावन्न पूर्ण झाल्या दिवसापासूनच्या थकबाकीसकट. शिवमने तो वाचून दाखवला आणि खूश होऊन पेढे आणतो म्हणाला. रागिणीबाई हसल्या. त्या दिवशी राखीपौर्णिमा होती. सकाळपासून त्यांनी फोनचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता, आणि भातकुलीहून तो अजून एकदाही वाजला नव्हता.