खातं तुमीच बदललं का, मामी?

बायको पावसाळ्यात गेली. दसरा होऊन गेला होता. दुपारी मी चुलीपुढं भाकर खात बसलो होतो आणि तिचा फोन वाजला.

बटणाचा बारका फोन. तिनं त्याला कोंबड्याची बांग लावून घेतली होती. पहाटे उठायला बरी पडते म्हणायची. फोन फळीवर होता, तिच्या दाभणीच्या डब्याशेजारी. मी तो रोज चार्जिंगला लावायचो, रिचार्जही मारायचो. का म्हणून विचारलं तर मला सांगता येत नाही. थोरली वहिनी एकदा म्हणाली होती, "जित्या माणसाच्या फोनमदी पैसे नसत्यात आन हे मेलेल्याच्या फोनला पैसे घालायलेत." वहिनीला बोलायला कोण आडवणार. मीही घालायचं सोडलं नाही.

पण ती गेल्यापासून तो फोन वाजला नव्हता. भर दुपारी घरात कोंबडा आरवला आणि माझ्या हातातला घास हातात राहिला. आधी वाटलं, ती मागल्या दारानं येऊन घेईल. इतकी वर्षं तीच घ्यायची. मी तसाच बसून राहिलो, आणि बांग थांबली.

दुसऱ्या दिवशी परत आरवला. या वेळी मी घेतला. कानाला लावला, बोललो काही नाही. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला.

"मामी, नमस्कार. मिलच्या हापिसातून बोलायले. बिलावर खात्याचा नंबर बदललाय. खातं तुमीच बदललं का, मामी?"

ती बाई माझ्या बायकोशी बोलत होती. फोनमध्ये माझी बायको जिती होती आणि तिला प्रश्न विचारला जात होता, आणि उत्तराची वाट बघितली जात होती. "मामी? ऐकू यायलंय का?" मी फोन काटला. त्या रात्री मी दिवा मालवला नाही.

आता हे मिलचं काय, ते सांगतो. आम्ही आधी ऊसतोडीला जायचो. कोयता, पाचट, फडाजवळच्या झोपडीत, कोपीत राहणं, सगळं झालं. मग हिला बारदान्याचा धंदा सुचला. फाटकी पोती वजनावर घ्यायची, झटकायची, दाभण-सुतळीनं सांधायची आणि देवगाव फाट्याकडच्या डाळ मिलला द्यायची. गावातल्या चार-पाच बाया तिच्या हाताखाली नगावर पोती सांधायच्या. धंदा तिच्या नावावर, बँकेचं खातं तिच्या नावावर, बिलबुकावर नाव छापलेलं तिचं. मी चौथीतून निघालेला माणूस. माझं काम पोती टेम्पोत भरायचं. ती सातवी शिकलेली होती आणि ते मला ऐकवायची.

ती गेल्यावर मी मयतीचा दाखला घेऊन बँकेत गेलो. तिथल्या माणसानं तिचं खातं बंद केलं आणि त्यातली शिल्लक वारस म्हणून माझ्या खात्यात टाकली. मी ते मान्य केलं. बँकेत मान्य करावंच लागतं, नाही तर पुढचा माणूस "चला, सरका" म्हणतो.

पण बिलबुक शिल्लक होतं. अर्धं कोरं. बायांनी पोती सांधली, मी मिलला पोचवली आणि तिच्याच बिलबुकावर बिल केलं. वर तिचं नाव छापलेलं तसंच ठेवलं. खाली तिचा छापील खाते नंबर होता, त्यावर रेघ मारून माझा नंबर पेननं लिहिला. एक-एक आकडा कोरल्यासारखा काढला. मला वाटलं, झालं. मिलमध्ये तिच्याबद्दल कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पैसे आले नाहीत. बाया रोज विचारायला लागल्या. ऊसतोडीचा मुकादम गावात येऊन बसला होता, आगाऊ पैशाची उचल वाटत होता. त्यातल्या दोघीजणी म्हणाल्या, "भाऊजी, हप्त्यात मजुरी आली तर आमी ऱ्हातो. न्हाई तर उचल घेऊन ऊसाला जावं लागंल, लेकरं घेऊन." बायकोनं या बायांना कोपीतून घरात आणलं होतं. त्या परत कोपीत गेल्या असत्या तर तिचं केलेलं सगळं पाण्यात गेलं असतं.

वहिनीनं मला सरळ सुनावलं. "जा मिलला. तितं काय वाघ हाय का?"

मी गेलो. दोन्ही फोन खिशात घालून गेलो, माझा आणि तिचा. तिचा घरी ठेवावा असं वाटलं नाही.

हिशेबाची बाई पूर्णेहून रोज रेल्वेनं सेलूपर्यंत यायची आणि तिथून फाट्यावर. तिशीतली, केसाला क्लिप, टेबलावर डबा. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मामा, पैसे आडवायची हौस न्हाई मला. पण हे बघा." तिनं तीन कागद शेजारी शेजारी मांडले. एक माझं बिल. दुसरा, बायकोनं मिलला माल देणारी पार्टी म्हणून नाव लावलं तेव्हा भरून दिलेला फॉर्म. तिसरी, त्या फॉर्मबरोबर दिलेल्या रद्द चेकची झेरॉक्स.

तो चेक मला चांगला आठवत होता. चेक कोरा देऊन वर दोन रेघा मारायच्या आणि आत रद्द असं लिहायचं, हे ऐकून बायको भडकली होती. "चांगला चेक कशाला नासवायचा? मंग दिलाच कशाला बँकेनं?" वर तिनं सवयीनं सहीही ठोकली. मग हीच बाई म्हणाली, मामी, सही नको, नाव आणि नंबर छापलेला दिसला की बास. दुसरा द्या. एका नावापायी दोन चेक गेले, हे बायको वर्षभर सांगत होती. झेरॉक्सवर तिच्या हातचं 'रद्द' होतं, मोठं, रागानं लिहिलेलं. मी त्याच्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

बाई पट्टी ठेवून चार-चार आकडे वाचत होती. आधी फॉर्मवरचे, मग चेकवरचे. मग दोन्हीवरचं नाव, मग बँकेच्या शाखेचा कोड. "फॉर्म आन चेक जुळायलाय. नाव एक, नंबर एक, कोड एक. आता बिल बघा. नाव तेच हाय, नंबर दुसराच. त्यात छापील खोडून हातानं लिवलेला. असं बिल मी सोडलं तर उद्या माझी नोकरी सुटंल."

"नंबर बरोबर हाय," मी म्हणालो. "पैसे कुटं चुकून जाणार न्हाईत."

"तुमच्या लेखी बरोबर हाय, मामा. बँक पैसे नंबर बघून टाकती. नाव आमालाच बघावं लागतं. मागल्या साली असंच एका पार्टीच्या नावानं खातं बदलल्याचा निरोप आला. आमी बदललं, पैसे गेले, पार्टी म्हणती मला कायच माहीत न्हाई. तवापासून मालकांनी सांगून ठेवलंय. कागद जुळले न्हाईत तर बिल थांबवायचं आन जुन्या फॉर्मवरच्या नंबरवर विचारायचं."

"बिलावर माझा फोन लिवलाय की. त्याच्यावर का न्हाई केला?"

ती हसली. "चोर बी बिलावर आपलाच फोन लिवंल ना, मामा. म्हणून जुनाच लावायचा असतो. दोनदा लावला. एकदा वाजून गेला, एकदा उचलून ठिवला. मामी रुसल्यात का माझ्यावर?"

तिनं माझ्याकडं बघता बघता टेबलावरचा फोन उचलला. "थांबा, तुमच्यासमोरच लावते. एक शब्द हो म्हणाल्या की पुढचं बघू."

माझ्या खिशात कोंबडा आरवला.

शेजारचा टेबलवाला दचकून वर बघायला लागला. बाई हातातल्या फोनकडं बघायची, माझ्या सदऱ्याकडं बघायची. कोंबडा आरवत होता. मी फोन काढला आणि टेबलावर ठेवला, त्या तीन कागदांच्या मधोमध. तिचं मामी म्हणून विचारणं परत ऐकायची माझी ताकद नव्हती.

"फोन काटा," मी म्हणालो. "ती पावसाळ्यातच गेली."

बाईनं फोन ठेवला. मग पट्टी बाजूला सारली. "मामा, म्हंजे परवा तुमी उचलला होता."

"व्हय."

"आन मी मामी मामी करायले." तिनं तोंडावर हात धरला. मग डोळे पुसले आणि पुन्हा कागदाकडं बघितलं, कारण काम तर होतंच. "मामा, राग येऊ देऊ नका. हे बिल आता मुळातच चालत न्हाई. बिलाची तारीख मामींच्या माघारची हाय. त्यांच्या नावानं आता बिल होत न्हाई. तुमाला तुमच्या नावानं नवी पार्टी व्हावं लागंल. नवा फॉर्म, तुमचं पॅन, तुमचा रद्द चेक, मामींचा दाखला. आन बिल तुमच्या नावानं नवं. जुनी पार्टी मी बंद करते."

"बंद म्हंजे?"

"म्हंजे कॉम्प्युटरमदी नाव ऱ्हातं, जुना हिशेब ऱ्हातो. पण त्या नावावर पुढं कायच चढत न्हाई."

बँकेत दाखला दिला तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. इथं लागलं. माझ्या मनात आलं, उठावं आणि निघून जावं, बिल राहू द्यावं थांबलेलं. थांबलेल्या बिलावर तिचं नाव तरी चालू राहील. पण मुकादम गावात बसला होता. त्या दोघींची लेकरं शाळेत होती. बायको असती तर मला तिथंच खुर्चीवरून उठवून म्हणाली असती, बायांचे पैसे दे आधी, नावाचं लोणचं घालायचंय का?

दुसऱ्या दिवशी सगळे कागद घेऊन गेलो. माझ्या चेकवर दोन रेघा मारल्या, रद्द लिहिलं, सही केली नाही. बाईनं ते बघितलं आणि बघितल्यासारखं दाखवलं नाही. मी साध्या कागदावर नवं बिल केलं, माझ्या नावाचं. तिनं तिन्ही कागद परत मांडून चार-चार आकडे वाचले. नाव जुळलं, नंबर जुळला, कोड जुळला.

"फोन नंबर सांगा, मामा. इचारायला लावायचा तो."

मी बायकोचा नंबर सांगितला.

बाईचा हात थांबला. "मामा, हा..."

"सिम माझ्याच नावावर हाय. तिला फक्त वापरायला दिलं होतं. आता फोन मीच उचलतो. लिवा."

तिनं लिहिला.

दोन दिवसांनी दुपारी कोंबडा आरवला. मी ताट सरकवलं आणि फळीजवळ गेलो. "मामा, एक रुपया टाकून बघितलाय. खात्यावर नाव तुमचंच दिसायलंय. खातं तुमीच दिलं ना?"

"व्हय," मी म्हणालो, "मीच दिलं."

बाकीचे पैसे संध्याकाळपर्यंत आले. मजुरी वाटायला वहिनी बरोबर आली. दोघींतली एक घरी होती. दुसरीच्या दाराला कुलूप होतं. आदल्या पहाटेच ती ट्रकमध्ये बसून ऊसाला गेली होती. तिची मजुरी मी रुमालात बांधून दाभणीच्या डब्यात ठेवली. फोन त्याच्याच शेजारी आहे, चार्जिंगला. ती ऊसावरून गावी आली की त्याच्यावरच फोन करील, तिलाही तोच नंबर माहीत आहे.