सर्वानुमते मंजूर

‘सर्वानुमते’ हा शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं फिरतं. आता मी कॉलेजात आहे. तिथं स्नेहसंमेलनाच्या बैठकीत कुणी सहज म्हटलं, “चला, सर्वानुमते करून टाकू,” तरी मी मान वर करून सगळ्यांची तोंडं बघते. मैत्रिणी हसतात, “हिला काय झालं मधेच?” काय सांगू त्यांना?

उमरग्याच्या अलीकडं, हायवेपासून आत आमची शाळा. दहावीपर्यंतच. नववीत असताना मला विद्यार्थी परिषदेची सचिव केलं, कारण माझे वडील, अप्पा, गावच्या विकास सोसायटीत गटसचिव. “हिच्या घरातच इतिवृत्त लिहायचं चालतं,” परिषदेचे मार्गदर्शक सर म्हणाले. बोलायला गोड माणूस. कुणावर कधी आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

अप्पांनी मला एका संध्याकाळी सगळं शिकवलं. सभेच्या आधी विषयपत्रिका काढायची, फलकावर लावायची, प्रत्येक वर्गप्रतिनिधीची पोच म्हणून सही घ्यायची. पहिला विषय कायम एकच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. मधे कामाचे. सभेत कच्चं टिपण काढायचं, मग पक्क्या वहीत उतरवायचं. ठरावाला नंबर, खाली सूचक, खाली अनुमोदक. मतदान झालं तर बाजूनं किती, विरुद्ध किती. खाडाखोड झाली तर तिथं सही. खाली जागा उरली तर आडवी रेघ मारायची, मागनं कुणी काही घुसडू नये म्हणून. मला हे लई आवडलं. बोललेलं हवेत जात नाही, कागदावर राहतं, असं वाटलं. किती येडी होते मी!

पहिल्या सभेला वृक्षारोपण, पाण्याच्या टाकीची सफाई, असलंच होतं. दुसऱ्या सभेची विषयपत्रिका लिहीत होते तेव्हा मधल्या सुट्टीत नववी ब ची प्रतिनिधी माझ्याकडं आली. फाट्यापासून आत, ओढ्यापलीकडच्या गावातनं येणारी पोरगी. गणितात पहिली. बोलायला फाटक्या तोंडाची, पण त्या दिवशी गप्प गप्प.

“जादा तासाचा विषय घे की,” ती म्हणाली. “शाळा सुटल्यावर तास घेत्यात, तवर एसटी जाते. फाट्यावरनं चालत जायाचं. आता दिस लहान झालाय. बाबा म्हणले, दिवाळीपतुर बघतो, न्हायतर घरी बस.”

“सकाळी घ्या म्हणू या,” मी म्हटलं. “प्रार्थनेच्या आधी. सकाळची गाडी तर लवकरच येते तुमची.”

“तेच म्हणते मी. ऐनवेळच्या विषयात मांडू का?”

“अजिबात नको. तिथं सगळं घाईत उरकतात. विषयपत्रिकेवर नंबर टाकून घेते.”

मी लिहिलं, ‘जादा तास सकाळी घेण्याबाबत निर्णय घेणे.’ कच्ची विषयपत्रिका सरांना दाखवावी लागायची. त्यांनी ‘निर्णय घेणे’ खोडलं आणि वर लिहिलं ‘विचारविनिमय करणे’.

“सर, विचारविनिमय म्हणजे ठराव होणार नाही का?”

“अगं बाई, तेच ते. ठराव करा की हवा तर. भाषा जरा सौम्य असावी.”

ते ‘तेच ते’ मला आजही टोचतं.

सभा ग्रंथालयात भरली. ती उभी राहिली आणि न अडखळता बोलली. एसटी कधी जाते, अंधारात ओढ्याकाठची वाट कशी आहे, तिच्यासारख्या आणखी कोण कोण मुली आहेत, सगळं. आठवीच्या प्रतिनिधीनं अनुमोदन दिलं. दहावीची दोन पोरं म्हणाली, सकाळी झोप होत नाही. बाकी सगळे हात वर गेले. अध्यक्ष म्हणजे दहावीचाच मुलगा, त्यानं सरांकडं बघितलं, सर हसत होते, म्हणून तो म्हणाला, “बहुमताने मंजूर.” मी कच्च्या टिपणात तसंच लिहिलं. तिनं बाकाखाली माझा हात इतका दाबला की पेन निसटलं. संध्याकाळी बापाला काय सांगायचं ते तिनं तिथंच मला पाठ करून दाखवलं.

पक्की वही सरांच्या कपाटात. दोन दिवसांनी उतरवायला बसले तर सर म्हणाले, “थांब, सांगतो तसं लिही. ‘विषय क्रमांक चार. सविस्तर विचारविनिमय झाला. विषय पुढील सभेवर ठेवण्याचे सर्वानुमते ठरले.’”

“पण सर, मतदान झालंय. बहुमतानं मंजूर झालंय.”

“विषयपत्रिकेवर काय आहे? विचारविनिमय. मग ठराव कसा होईल? नियमात बसत न्हाय.”

मग मला दिसलं की हा माणूस आधीपासून कुठं चालला होता. अहो, सकाळचे तास म्हणजे सोलापूरहून येणाऱ्या मास्तरांची शेअरिंगची गाडी पहाटे सुटली पाहिजे! तेवढ्यासाठी. एका गाडीसाठी. मी म्हटलं, “मी नाही लिहिणार.” सर रागावले नाहीत. “बरं,” म्हणाले, आणि सहसचिवाला हाक मारली. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

घरी येऊन मी अप्पांपुढं रडले. वाटलं, आता अप्पा उठतील, शाळेत येतील. अप्पा जेवता जेवता म्हणाले, “बाळा, वरिष्ठांना विचारूनच लिहीत असतात. सगळीकडं असंच असतंय.” मग मला आठवलं, सोसायटीच्या वहीवर अप्पा कोऱ्या पानाखालीच संचालकांच्या सह्या आणायचे आणि वरचं सावकाश भरायचे. आडवी रेघ मारायला मला शिकवणारा माणूस! त्या रात्री ताटावरनं उठले ते बरेच दिवस अप्पांशी नीट बोलले नाही.

एक वाट तरी होती. इतिवृत्त कायम होण्याआधी दुरुस्ती सुचवता येते, त्यासाठीच तर तो पहिला विषय असतो. पुढची सभा दिवाळीच्या सुट्टीआधी भरली. मी तिला सांगून ठेवलं होतं, मी वाचेन, चारवर आले की हरकत घेऊ, दोघी. पण आमच्याकडं वाचायची पद्धतच वेगळी. नुसती विषयांची नावं वाचायची आणि अध्यक्षानं म्हणायचं, कायम. मी चौथ्या विषयाचं इतिवृत्त पूर्ण वाचायला लागले तोवर सर घड्याळ बघत म्हणाले, “चला, कायम ना?” अध्यक्ष म्हणाला, “कायम.”

“हरकत आहे,” मी म्हटलं. “मागच्या सभेत हात वर झाले होते. कुणीकुणी केले होते?”

तिनं हात वर केला. एकटीनंच. आठवीची अनुमोदक समोरचं पुस्तक उघडून बसली. बाकीचे मूग गिळून गप. महिन्याभरापूर्वी त्याच खोलीत, त्याच बाकांवर त्यांनी हात वर केले होते, आणि आता एकालाही आठवत नव्हतं. मला त्यांची इतकी चीड आली, इतकी, की सरांचीसुद्धा आली नव्हती तेवढी.

“कायम झाल्यावर हरकत घेता येत न्हाय,” सर शांतपणे म्हणाले. “आणि तो विषय ठेवलाच होता की आजच्यावर. वेळ कमी आहे, पुढच्या सभेत घेऊ.”

ती सावकाश हात खाली घेऊन बसली. सुट्टीनंतर शाळा उघडली आणि ती आली नाही.

नववी ब मधे तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसायला लागली. मी सरांना विचारलं, वर्गशिक्षकांना विचारलं. “निरोप दिलाय, येईल.” हजेरीत तिचं नाव मात्र रोज. पटावरची मुलं कमी झाली की शिक्षकांची पदं कमी होतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे पोरगी वर्गात नसली तरी चालेल, कागदावर पाहिजे.

वार्षिक तपासणी जवळ आली तेव्हा सरांनी शेवटच्या सभेचं इतिवृत्त सहसचिवाकडनं सभेआधीच लिहवून घेतलं. हेही दरवर्षीचंच. सूचक आणि अनुमोदक वर्गांच्या पाळीनं घालायचे, म्हणजे सगळ्यांची नावं येतात. सभेत मला ते वाचायला दिलं. शेवटचा ठराव असा होता, ‘शाळेतील मुलींची गळती शून्यावर आणल्याबद्दल माननीय मुख्याध्यापकांचे अभिनंदन. सर्वानुमते मंजूर.’ आणि खाली सूचक म्हणून, नववी ब ची पाळी होती ना, तिचं नाव!

“सर, ही शाळेत नाहीये.”

“पटावर आहे ना? वाच पुढं.”

“मी नाही वाचणार.”

त्यांनी वही माझ्या हातातनं घेतली आणि सहसचिवानं वाचलं. टाळ्या वाजल्या. हजेरीचं पान तेवढं सभेत भरायचं असायचं आणि ते सचिवाचं काम. त्या पानावर तिच्या नावापुढं मी ‘गैरहजर’ लिहिलं, ठळक, आणि खाली सही केली. एका सभेत पोरगी गैरहजर आणि त्याच सभेत तीच ठराव मांडतेय. म्हटलं, आंधळ्यालाही दिसेल. तपासणीला आलेल्या साहेबांनी दोन्ही पानं उलटली आणि शेरा मारला, ‘इतिवृत्त अद्ययावत. समाधानकारक.’ दहावीत मला कुणी सचिव केलं नाही.

गेल्या वर्षी उमरग्यात ती भेटली. कापडाच्या दुकानात होती, गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवत. मला बघून आधी हसली, मग मालकाला सांगून बाहेर आली. रसवंतीवर बसलो. मी तावातावानं सगळं सांगितलं, अभिनंदनाचा ठराव, टाळ्या, साहेबांचा शेरा. वाटलं, ती शिव्या घालेल. फाटक्या तोंडाची ना ती!

“माझं नाव घातलं व्हय?” ती म्हणाली. “सूचक म्हणून?”

“हो ना!”

तिनं ग्लासातला बर्फ हलवला. “आणि जो म्या खराच मांडला, त्याच्याखाली?”

“त्याला ठराव म्हणून लिहिलंच नाही. मग नाव कुठलं?”

“कुठंच न्हाय?”

“नाही.”

तिनं मान हलवली. दुकानातनं मालकानं हाक मारली तशी ती उठली, पदर सारखा केला आणि जाता जाता विचारलं, “जादा तास अजून संध्याकाळीच असत्यात?”

“हो,” मी म्हटलं. “संध्याकाळीच.”