मनःपूर्वक स्वागत, पुढे तीन टिंबं

झटपटचा मला राग येत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. साफ खोटं आहे. सकाळी ती जिना चढून वर आली की तिच्या चपलांच्या आवाजानेच माझ्या कपाळावर आठी पडते.

झटपट हे नाव मीच ठेवलं, मनातल्या मनात. वय चोवीस, केस कानापर्यंत कापलेले, आणि प्रत्येक काम मी चष्मा पुसेपर्यंत झालेलं. आमचं केंद्र कानाच्या मशीनचं. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या: एकीत मॅडम कान तपासतात, एकीत जुन्या फायली, आणि बाहेर मी. सोळा वर्षं बाहेर मीच. आमच्याकडे येणाऱ्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार मेसेजवर. कोणी ‘नमस्कार’ पाठवला की उत्तर मी लिहायचे. ‘नमस्कार! आमच्या केंद्रात आपले मनःपूर्वक स्वागत. आपल्यासारख्या सुजाण व्यक्तींची सेवा करणे हे आम्ही आमचे भाग्य समजतो.’ मग खाली कामाचं. शाळेत निबंधात पहिली यायचे मी, उगाच नाही.

झटपट आमच्याकडे कामाला लागून आठ दिवस झाले होते. एक आजोबा धापा टाकत वर आले. त्या दिवशी मॅडम बाहेरगावी, तपासणी बंद. मी म्हटलं, “आजोबा, सकाळीच कळवलं होतं की तुम्हाला!” त्यांनी फोन पुढे केला. बंद पडद्यावर माझा मेसेज: ‘नमस्कार! आमच्या केंद्रात आपले मनःपूर्वक स्वागत. आपल्यासारख्या…’ आणि तीन टिंबं.

“मला वाटलं, या म्हणताय,” आजोबा म्हणाले.

झटपटने त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडे वळली. “मावशी, फोन न उघडता एवढंच दिसतं. दीड-दोन ओळी. पुढचं बघायला मेसेज उघडावा लागतो, आणि नुसतं स्वागत दिसलं की कोण उघडतंय? कामाचं आधी लिहायचं.” तिथल्या तिथे तिने नवा मजकूर केला: ‘आज तपासणी बंद, उद्या दहाला या. नमस्कार!’

मॅडम आल्या, खूश झाल्या. आठ दिवसांत फुकटचे हेलपाटे बंद. केंद्राचा फोन माझ्या टेबलावरून तिच्या टेबलावर गेला. वर मॅडम म्हणाल्या, “शनिवारी ठरवू, बाहेर कोण बसणार आणि फायलींकडे कोण.” फायलींच्या खोलीला खिडकीसुद्धा नाही हो! सोळा वर्षांनी मला त्या बिळात घालणार, आणि ते कशापायी? तर दीड ओळीपायी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नवऱ्याला म्हटलं, “कालची पोर!” तो म्हणाला, “पण तिचं बरोबर आहे ना?” त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

फोन तिच्या हाती देताना मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली नाही. आमच्याकडे एक लघुलेखक येतात, कोर्टात साहेब सांगतील ते भराभर उतरून घेणारे. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मोठ्या जागेवर बढतीचं चाललंय, आणि त्याच जागेवर डोळा ठेवून बसलेला माणूस त्यांच्या शेजारच्याच टेबलावर. कचेरीच्या गोंगाटात फोनची घंटा ऐकू येत नाही, म्हणून बिचारे फोन टेबलावर उताणा ठेवतात, उजळला की कळावं म्हणून. आमचा नंबर त्यांनी ‘चष्मेवाला’ म्हणून ठेवलाय. मला हळूच म्हणाले होते, “ताई, वर फक्त तुमचं ते स्वागत असू द्या. मशीनचं नाव खाली, आत.” माझं लांबलचक स्वागत म्हणजे त्यांच्यासाठी पडदा होता.

गुरुवारी सकाळी कोर्टात जायच्या आधी त्यांचा ‘नमस्कार’ आला. अकराच्या सुमाराला झटपट उत्तर लिहायला बसली. मी तिच्या मागच्या कपाटातून पावतीपुस्तक काढत होते. पडद्यावर स्वच्छ दिसलं: ‘तुमचं कानाचं मशीन तयार आहे, आज सहापर्यंत या. नमस्कार!’

एक शब्द बोलले असते तर झालं असतं. पण माझ्या मनात आलं, जाऊ दे. जाऊ दे की! बोंब होईल, ते तक्रार करतील, मॅडमना कळेल मोठी हुशारी काय असते ती. फोन परत माझ्या टेबलावर. मी पावतीपुस्तक छातीशी धरून उभी राहिले आणि तिने बोट टेकवलं.

जागेवर येऊन बसले. मला आठवलं, हे गृहस्थ कधी दुसऱ्यांदा विचारायचेसुद्धा नाहीत, “ताई, तुम्हाला त्रास देतोय” म्हणायचे. अर्धा तास कसाबसा गेला. मग उठले आणि तिच्या टेबलापाशी गेले. “तो लघुलेखकांचा मेसेज बघ. पोहोचला का?”

“एकच टिक आहे, मावशी. फोन बंद दिसतोय.”

कोर्ट चालू असताना फोन बंद ठेवावा लागतो त्यांना. जेवणाच्या सुट्टीला चालू करणार आणि टेबलावर उताणा ठेवणार. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. झटपटचा चेहरा उतरला. तिने मेसेज दाबून धरला, दोघांकडूनही पुसला. “आता तिकडे फक्त ‘मेसेज पुसला’ एवढं दिसेल,” ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढे सरकवला. “तुमचं स्वागत तुम्हीच लिहा. मला तसं जमत नाही.”

मी लिहिलं. सुजाण व्यक्ती, भाग्य, सगळं. मशीन अगदी तळाशी. पाठवलं.

मग ती हळूच म्हणाली, “मी लिहीत होते तेव्हा तुम्ही मागेच होतात ना, मावशी?”

मी पावतीपुस्तक उचललं आणि जागेवर जाऊन बसले. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी साडेपाचला लघुलेखक आले. मशीन कानात बसलं. पंख्याचा आवाज ऐकून दचकले आणि हसले. मॅडम दारातच उभ्या होत्या. झटपटने लघुलेखकांचा फोन मागून घेतला आणि अर्ध्या मिनिटात काहीतरी फिरवलं. “काका, आता बंद पडद्यावर फक्त नाव दिसेल, मजकूर नाही. वर काहीही लिहिलं तरी चालेल.” म्हणजे झालं! माझ्या स्वागताचा तेवढा एक उपयोग होता, तोही गेला. मेली, एवढंही सोडलं नाही माझ्यासाठी.

ते म्हणाले, “आज वाचलो बरं का. शेजारचा मान वाकडी करकरून वाचत होता, आणि वर फक्त मनःपूर्वक स्वागत. कोणी लिहिलं होतं?”

मी पावतीपुस्तकात डोकं घातलं. आता सांगेल, आता सगळं सांगेल.

“मावशींनी,” झटपट म्हणाली. “मी चुकीचं पाठवलं होतं. त्यांनी वेळेवर सांगितलं म्हणून निभावलं.”

मॅडमनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. शनिवारपर्यंत थांबायची गरजच उरली नव्हती, बाहेर मीच बसणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मीच म्हटलं, “मॅडम, फोन तिच्याकडेच राहू दे. मी फायली बघते.” आणि मन बदलायच्या आत माझा खण रिकामा करायला घेतला.

आता मी आतल्या खोलीत बसते. दार उघडं ठेवलं की तिचं टेबल दिसतं. माझी एक वही तिने समोर ठेवली आहे, ‘आधी स्वागत हवं’ अशा लोकांच्या नावांची. तिचे झटपट हात, ते टेबल, ती खिडकी, सगळ्याचा मला अजून हेवा वाटतो. पण रात्री पडल्या पडल्या जळते ती त्या एका शब्दावर. ‘मावशींनी’ म्हणाली ना ती, तिच्या जागी मी असते तर म्हणाले नसते.