ढकलणारे हात

कालिंदीबाईंना पडद्याकडे पाठ करून बसायची सवय. राजारामपुरीतल्या त्या स्टुडिओत लहान मुलांसाठी पुराणातल्या गोष्टींची कार्टून मालिका तयार व्हायची आणि नवा भाग झाला की गल्लीतली सात-आठ पोरं सतरंजीवर बसवून त्यांना दाखवायची पद्धत होती. सगळे पडदा बघायचे, बाई पोरांची तोंडं बघायच्या. कुणाचं बोट तोंडात गेलं, कुणी दाराकडं बघितलं, कोण उगाच हसलं, सगळं वहीत उतरायचं.

एकतीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई. निवृत्त झाल्यावर घरी बसून जपमाळ ओढणाऱ्यातली नव्हे. स्टुडिओचे मालक यज्ञेश्वर यांनी बोलावलं, तेव्हा म्हणाल्या, "येते की! पण माझी सही असल्याशिवाय एक भाग बाहेर जायचा न्हाय." वहीत तीन रकाने पाडले. मूळ कथेत काय आहे, आपण काय बदललं, आणि पोराला काय वाटेल. ध्रुवाच्या भागात सावत्र आईला सुळे काढले होते, तर बाई कडाडल्याच, "मूळ कथेत सुळे कुठं हायत? आणि ज्या पोराच्या घरी सावत्र आई हाय त्यानं रात्री कुणाच्या कुशीत झोपायचं, सांगा बघू?" सुळे गेले. सगळा स्टुडिओ बाईंना वचकून असायचा आणि खरं सांगायचं तर बाईंना ते आवडायचं. गोम तिथंच होती.

प्रल्हादाचा भाग आला. बापाच्या हुकमावरून शिपाई प्रल्हादाला कड्यावरून ढकलतात आणि देव त्याला वरच्यावर झेलतो, तो प्रसंग. शबनम नावाची मुलगी चित्रं काढायची. सगळा भाग रंगवण्याआधी कच्च्या चित्रांची फिल्म करून बाईंना दाखवतात. तिच्या फिल्ममध्ये शिपायांचे चार राकट हात होते, आणि डोळे गच्च मिटलेला, घाबरलेला प्रल्हाद.

"ते हात काढून टाक," बाई म्हणाल्या. "पाच वर्षांच्या पोराला बापानं मारायला धाडलंय हे इतकं उघडं दाखवायचं? आणि तोंड हसरं कर. त्याचा देवावर भरवसा हाय."

शबनम जरा घुटमळली. "बाई, हात काढलं की ते पोरगं आपणहून उडी मारतंय असं दिसंल."

"एकतीस वर्षं पोरं सांभाळलीत मी. तू काढ."

शबनमनं मान खाली घातली आणि हात खोडले. कड्याखाली मऊ ढग आला, ढगातून देवाचे निळे तळवे आले. पाहावं तर कसं गोजिरवाणं! बाईंनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'भीती नाही', आणि सही ठोकली.

बुधवारी सकाळी तयार भाग पोरांना दाखवला. प्रल्हाद हात जोडून कड्याच्या टोकावर आला, हसला आणि खाली गेला. सगळी पोरं खिदळली. एकाचंही बोट तोंडात गेलं नाही. एरवी बाई खूश झाल्या असत्या. पण आज त्यांचं पेन तिसऱ्या रकान्यावर अडलं. कड्यावरून पोर पडतंय आणि एक जीव दचकत नाही, हे काय लक्षण म्हणायचं?

भाग संपला की बाई प्रश्न विचारत नसत. प्रश्न विचारला की पोर शहाण्यासारखं उत्तर देतं, खरं काय ते खेळात दिसतं. म्हणून कापडी बाहुल्यांची टोपली मध्ये ठेवायची आणि बाजूला बसायचं. पाच वर्षांच्या ऋतानं एक बाहुली उचलली, टेबलाच्या काठावर उभी केली आणि सोडून दिली. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. बाकीची पोरंही रांगेत बाहुल्या घेऊन उभी राहिली. टोपलीतला राजा आणि शिपाई तसेच पडून होते.

"ऋता, राजा कुठाय गं?"

"राजा नाही लागत, आज्जी. तो आपला आपणच उडी मारतो की."

बाईंनी वहीतला पहिला रकाना पुन्हा वाचला. कुठल्याही पुराणात प्रल्हादानं उडी मारलेली नाही. त्याला ढकललं होतं. पोराला धक्का बसू नये म्हणून बाईंनी ढकलणारेच पुसले होते आणि गोष्ट उलटीपालटी करून ठेवली होती. खोटी केली ती केली, वर गोड केली.

त्या तशाच यज्ञेश्वरांच्या खोलीत शिरल्या. "भाग थांबवा. हात परत घाला, त्याचं घाबरलेलं तोंड परत घाला. लगेच!"

"बाई, रविवारी भाग लागतोय," यज्ञेश्वर म्हणाले. "तेवढा प्रसंग पुन्हा करायचा म्हणजे चार दिवस. आणि सही तुमचीच आहे. सौम्य करा, सौम्य करा म्हणून तुम्हीच मागं लागला होता."

"व्हय, मीच! माझीच अक्कल शेण खायला गेली होती. शबनमनं सांगितलं होतं मला." बोलता बोलता बाई थांबल्या. शेजारच्या खोलीतला कलकलाट बंद झाला होता. पोरांची खोली गप्प म्हणजे काहीतरी वाईट, हे एकतीस वर्षांत एकदाही चुकलेलं नव्हतं.

सतरंजी रिकामी. मागचं दार उघडं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सगळी पोरं ओळीनं, शहाण्यासारखी उभी होती आणि ऋता कठड्यावर. हात जोडलेले. तोंडावर तेच हसू, बाईंनी प्रल्हादाच्या तोंडावर काढायला लावलेलं.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडलं तर पोर दचकतं. चपला तिथंच सोडून भिंतीकडनं गेल्या आणि मागून दोन्ही हातांनी तिला कवळलं. तिला तशीच घेऊन त्या खाली बसल्या.

ऋता रुसून बसली. "आज्जी, तू कशाला मध्ये आलीस? आता देव कसा येणार?"

दारात उभ्या यज्ञेश्वरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "थांबवतो, बाई. भाग थांबवतो," ते म्हणाले. मग ओठांवरून जीभ फिरवून हळूच म्हणाले, "पण त्याची जाहिरात... तो उडीचाच तुकडा आहे. सगळ्यांत गोड वाटला म्हणून. सकाळी नऊलाच बालवाड्यांना पाठवलाय."

"किती?"

"अठरा."

शबनम यादी घेऊन धावत आली. दोघी फोन घेऊन बसल्या. कागलला अजून दाखवलं नव्हतं. गडहिंग्लजला दाखवलं होतं, पण पोरं समोर डबा खात बसली होती. एकेका नावापुढं शबनम खूण करत गेली. सतरा झाल्या. राहिली मलकापूरची बालवाडी. तिथला फोन तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा तिथल्या मदतनीस बाईंनी उचलला.

"धोंडुबाई बोलालोय. कोण, स्टुडिओतल्या बाई व्हय? काय गोड केलाय ओ! पोरांनी पाच येळा बघितला. आता मागं पाण्याच्या टाकीवर त्योच खेळ चाललाय."

"धोंडुबाई," कालिंदीबाईंनी विचारलं, "टाकी किती उंच हाय?"

तिकडून फोन जमिनीवर पडल्याचा आवाज आला आणि मग धोंडुबाईंच्या धावण्याचा.