सव्वीस जणांची एकच चूक

शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांच्याच हाताखाली शिकून पुढे त्याच शाळेत लागलेली ती धाकट्या बाई. चाचणी झाली की दोघी शिक्षकखोलीत बसायच्या. मोठ्या बाई पेपर वाचून दाखवायच्या, धाकटी गणिताच्या प्रकारानुसार चुकांच्या रेघा मारायची. “किती चुकलं ते सोड, काय चुकलं ते बघ,” हे मोठ्या बाईंचं पालुपद. ऐकून ऐकून धाकटीचे कान किटले होते.

त्या दिवशी मोठ्या बाईंच्या वर्गाचे अपूर्णांक होते. सारख्या छेदाच्या बेरजा बहुतेकांना आल्या. छेद वेगळे आले आणि वर्ग धाडकन आपटला! एकतीसपैकी सव्वीस चुकले. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, तर सव्वीसही जणांनी छेद बरोबर सहा केला, अंश मात्र तसेच ठेवले. उत्तर दोन षष्ठांश. पुढच्या बेरजांतही तेच. आता पोरं चुकतात हो, चुकायचीच. पण दहा जण दहा तऱ्हांनी चुकतात.

मग धाकटीने बरोबर आलेली पाच नावं पाहिली आणि पेन खाली ठेवलं. तो धडा झाला तेव्हा ही पाचही जणं तापाने घरी होती. त्यांना नंतर तिनेच शिकवलं होतं.

“काय गं, दातखीळ बसली का?”

“काही नाही बाई. एवढा प्रकार पुन्हा घेऊ.”

मोठ्या बाईंनी कागद ओढून घेतला. नावांवरून बोट फिरवत गेल्या, आणि थांबल्या.

“पोरं नाही चुकली गं. मी शिकवलं तसंच केलंय त्यांनी.” त्यांनी कागद खाली ठेवला. “दूध उतू गेलं, किल्ल्या हरवल्या, म्हटलं वय झालं. पण हे? हे तर मी झोपेतही शिकवलं असतं!”

धाकटीला रडू आवरेना. मोठ्या बाईंनीच तिच्या हातात पेन दिलं. “लिही. आधी कागदाची पट्टी. अर्ध्या पट्टीत सहाव्या भागाचे किती तुकडे बसतात ते पोरांनी मोजायचं. मग बेरीज. शेवटी तीन गणितं. आणि शिकवशील तू. मी मागच्या बाकावर बसेन.”

दुसऱ्या दिवशी वर्ग झाला. पोरांनी पट्ट्या दुमडल्या, तुकडे मोजले. “अर्धं म्हणजेच तीन षष्ठांश? मग दोन षष्ठांश उत्तर येईलच कसं!” असं म्हणत पोरं स्वतःलाच हसली. शेवटची तीन गणितं धाकटीने तिथेच तपासली. जवळजवळ सगळ्यांची बरोबर आली होती.

गठ्ठ्याच्या तळाशी बिननावाचा एक कागद निघाला. तिन्ही उत्तरं चुकलेली, अंश तसेच. अक्षर मोत्यासारखं. ते अक्षर गिरवतच धाकटी लहानाची मोठी झाली होती.

तिने त्यावर फुली मारली नाही. वर्ग रिकामा झाल्यावर मागच्या बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि नवी पट्टी पुढे केली.

“बाई, अर्धी दुमडा बरं.”

मोठ्या बाईंनी निमूटपणे पट्टी दुमडली. “हं. आता पुढे काय करायचं, बाई?”