नऊशे नव्याण्णव आणि एक स्वल्पविराम

आमच्या गावच्या भवानी पेठेतल्या, पुण्यातल्या नव्हे, शाळेत चनबसप्पा सर गणित शिकवायचे आणि मी मराठी. म्हणजे ते शिकवायचे आणि मी नुसता पगार खायची, असं त्यांचं प्रामाणिक मत. माझ्या हातात निबंधांचा गठ्ठा दिसला की म्हणायचे, "काय बाई, आज किती स्वल्पविराम पकडले? त्यानं जगाचं काय अडतं हो?"

पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'नऊशे नव्याण्णव'. सत्तावीस गुणिले सदतीस बरोबर नऊशे नव्याण्णव, हा शोध जणू त्यांच्याच तीर्थरूपांनी मैंदर्गीच्या शेतात लावला होता, अशा थाटात ते सांगायचे. "हजाराला नऊशे नव्याण्णवनं भागलं की उरतो एक. म्हणून हजारांचा गट उचला आणि उरलेल्या तीन अंकांत मिळवा. बेरजेला सत्तावीसनं भाग गेला, तर संख्येला गेला. सदतीसचंही तसंच." मग फळ्यावर २७,९७२ लिहायचे. सत्तावीस आणि नऊशे बहात्तर, झाले नऊशे नव्याण्णव. "दोघांनीही भाग जातो! टाका स्वल्पविराम, करा बेरीज!" स्वल्पविराम तेवढा गणितात आला की पवित्र होत असावा.

सन चौऱ्याहत्तरमध्ये पुण्याच्या एका वसतिगृहाच्या शाळेनं आमच्याकडून गणितात हुशार असं एकच मूल मागवलं. राहणं, जेवण, मॅट्रिकपर्यंत शिक्षण, सगळं फुकट. सरांनी निवड चाचणी काढली आणि ऐटीत आठ अंकी संख्या ठोकून दिली : १२३४५६४२ ला सदतीसनं भाग जातो का? कारण द्या.

निवड झाली रामहरीची. तो संस्थेच्या चेअरमनचा भाचा, हा निव्वळ योगायोग. दुसरी आली मायाक्का, सांगोल्याकडच्या मेंढपाळाची, इथं नातेवाइकांकडं राहून शिकणारी पोर. तिच्या बापानं, ज्ञानबानं, आधीच सांगून ठेवलं होतं, "नंबर लागला तर शिक, न्हाय तर शनवारी न्यायला येतो. मेंढरामागं माणूस न्हाय." एका गणितानं ती मागं पडली होती. हेच ते गणित.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात पेपर, त्यावर सरांची लाल फुली.

"सर, ह्यो भाग जातोय की."

"जातो?" सर चहाचा कप ठेवून हसले. फळ्याशी गेले आणि झोकात लिहिलं : १,२३,४५,६४२. "एक, तेवीस, पंचेचाळीस, सहाशे बेचाळीस. बेरीज सातशे अकरा. सदतीस एकोणीसं सातशे तीन, उरले आठ. कुठं जातो? रामहरीनं बघ कसं नीट लिहिलंय!"

रामहरीनं खरंच नीट लिहिलं होतं. सरांचं 'टाका स्वल्पविराम, करा बेरीज' त्यानं चुकीसकट गिरवलं होतं.

मायाक्का घाबरली होती, पण हटली नाही. "सर, तुमीच सांगितलं हजारातनं एक उरतो म्हणून. मग उजवीकडनं तीन-तीनच तोडायचं की. लाखाला मधी कशाला तोडता? बारा, तीनशे पंचेचाळीस, सहाशे बेचाळीस. नऊशे नव्याण्णव हुतंय. सत्तावीसनं बी जातोय."

सरांनी खडू उचलून भागाकार मांडला. तीन, तीन, तीन. मग सहा, सहा, सहा. बाकी शून्य.

"अय्यो," ते एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले. इतकी वर्षं पुस्तकातल्या पाच अंकी संख्यांनी त्यांची अब्रू राखली होती. तिथं हजाराचा स्वल्पविराम आणि तिघांचा गट एकाच जागी पडतो. लाख आला की आपला देशी स्वल्पविराम दोन-दोन घरांवर उड्या मारतो, हे गणिताच्या या सम्राटाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. खरं सांगते, मला उकळ्या फुटल्या. आता तोंड उघडावं आणि विचारावं, काय हो, स्वल्पविरामानं अडलं का काही?

पण ते उठले आणि तडक हेडमास्तरांकडे गेले. दार उघडंच होतं. "अहो, चेअरमनना काय सांगू? यादी लागलीय!" हेडमास्तर ओरडले. "सांगा, बाकी शून्य आली," सर म्हणाले. "ती काही भाच्याला विचारून येत नाही."

शनिवारी ज्ञानबा आला. लेकीचं बोचकं बांधायला सुतळीसुद्धा आणली होती. दाराजवळच्या फळ्यावर नवी सूचना होती, सरांच्या अक्षरात, खाली सहीसकट : 'निवड मायाक्काची. चूक मुलीची नव्हती माझी होती.'

सवयीनं मी खडू उचलला. 'नव्हती'नंतर स्वल्पविराम हवा होता.

"काय लिवलंय गं?" ज्ञानबानं विचारलं.

मायाक्कानं मोठ्यानं वाचलं. 'नव्हती'वर नेमकी थांबली आणि मग पुढचं वाचलं. ज्ञानबानं सुतळी गुंडाळून खिशात घातली.

मी खडू जागेवर ठेवला.